धागा : रंग, वायरिंग, फरशी आणि सोफा - आधी कोण, नंतर कोण?

ठाणेकर_नवा
नमस्कार मंडळी. ठाण्यात रिसेलचा टू बीएचके घेतला आहे, इमारत 1998 ची, चौथा मजला. काम अनंत चतुर्दशीनंतर सुरू करायचं आणि दिवाळीत राहायला जायचं, म्हणजे हातात साधारण सहा आठवडे. कामं अशी: पूर्ण वायरिंग नवीन (भिंतीत झिऱ्या मारून), जुन्या फरशीवरच नवीन विट्रिफाइड टाइल, दोन एसी, कारखान्यातून बनून येणारे दोन वॉर्डरोब, खिडक्यांच्या ग्रिल आणि सगळ्या घराला रंग. बाथरूम आणि ओटा आहे तसाच ठेवणार.

रंगारी म्हणतो मी आता मोकळा आहे, पहिला मीच येतो. वायरमन म्हणतो रंगाआधी मी. टाइल मिस्त्री म्हणतो सगळ्यांनी आपापलं आटपा, मग मला बोलवा. सोफा दसऱ्याच्या ऑफरमध्ये बुक झालाय आणि दुकानाने डिलिव्हरी दसऱ्याचीच दिली आहे. एकाच्या कामाने दुसऱ्याचं काम खराब होऊ नये म्हणून योग्य क्रम काय?

आगाऊ_काका
सोपं आहे हो. रंग सगळ्यात शेवटी. तोडफोड, वायरिंग, फरशी, फर्निचर, सगळं झालं की मग रंगारी. आमच्या पिढीने असंच केलं आणि भिंती अजून उभ्या आहेत.

पिंपळपान
हॉलला फिकट पिवळा आणि ईशान्येच्या भिंतीला पांढरा द्या. आग्नेयेला निळा अजिबात नको.

आगाऊ_काका
@पिंपळपान, त्यांनी रंग कोणता ते विचारलेलं नाही, रंग कधी ते विचारलंय. :)

साइटवरचा_माणूस
आगाऊ काकांचं अर्धं बरोबर आहे. शेवटचा हात शेवटीच. पण रंगकामात सगळ्यात घाणेरडा भाग पुट्टी घासण्याचा. काचपेपर मारला की पिठासारखी धूळ उडते आणि ती वॉर्डरोबच्या चॅनलमध्ये, बिजागरीत, एसीच्या कॉइलमध्ये, सोफ्याच्या शिवणीत जाऊन बसते. प्लास्टिक टाकून झाकलं तरी जाते. म्हणजे फर्निचर आल्यावर पुट्टी घासायची नाही आणि फर्निचर यायच्या आधी शेवटचा हात मारायचा नाही. यातून एकच वाट निघते: रंगारी दोनदा येणार.

खरं तर "आधी कोण" हा प्रश्नच थोडा चुकतो. प्रत्येक कारागिराच्या कामाचे दोन भाग असतात, एक घाणीचा आणि एक सफाईचा. वायरमनचा घाणीचा भाग म्हणजे झिऱ्या, पाइप, स्विचच्या पेट्या. सफाईचा म्हणजे स्विच प्लेट, दिवे, पंखे. रंगाऱ्याचा घाणीचा भाग पुट्टी, घासणं, प्रायमर आणि सफाईचा भाग रंगाचा शेवटचा हात. एसीवाल्याचाही तसाच: तांब्याचा पाइप आणि पाण्याची नळी भिंतीतून नेणं आधी, युनिट टांगणं सगळ्यात नंतर. सगळ्यांची घाण आधी उरकायची, मग त्याच माणसांना परत बोलवून सफाईचं करून घ्यायचं. ठरवतानाच दोन फेऱ्यांचे पैसे बोलून ठेवा, नाहीतर दुसऱ्या फेरीला फोन उचलत नाहीत.

भिंतबोलकी
+१. आणि पैशाचे हप्तेही तसेच पाडा. रंगाऱ्याला प्रायमरपर्यंत निम्मे, शेवटच्या हातानंतर उरलेले. पूर्ण पैसे मिळालेला रंगारी टचअपला येत नाही, हा निसर्गनियम आहे.

ठाणेकर_नवा
हे पटलं. पण मग फरशी नक्की कुठे बसते? पुट्टीच्या आधी की नंतर?

साइटवरचा_माणूस
तुमच्या केसमध्ये पुट्टीच्या आधी. कारण सांगतो.

झिऱ्या भरल्या की त्या जागचा गिलावा ओला असतो. तीन-चार दिवस त्यावर पाणी मारायचं आणि मग वाळू द्यायचं. ऑक्टोबरात ठाण्याच्या हवेत निदान दहा-बारा दिवस धरा. घाई करून त्यावर पुट्टी आणि रंग चढवला तर महिनाभरात झिरीची रेघ भिंतीवर उमटते, कधी पांढरा लोणा फुटतो, कधी पापुद्रा सुटतो. दोष रंगाला दिला जातो, पण कारण आतलं पाणी असतं. म्हणजे झिऱ्या भरल्यापासून पुट्टीपर्यंत दहा-बारा दिवस भिंतीला हात लावता येत नाही. हे दिवस रिकामे घालवायचे नाहीत, त्यात फरशी बसवायची.

दुसरं कारण स्कर्टिंग. स्कर्टिंगची पट्टी भिंतीला चिकटली की तिच्या वरच्या कडेला फट राहते, कारण जुनी भिंत कधीच सरळ नसते. पुट्टी नंतर असेल तर रंगारी ती फट भरून टाकतो. आधी असेल तर मिस्त्री सिमेंटचे हात लावून भिंत खराब करणार आणि फटही तशीच राहणार.

रंगरेषा
इथे मी असहमत. मी रंगकामाची कंत्राटं घेते. फरशी आधी बसवली की पुट्टी, प्रायमर, रंग तिन्हींचे थेंब फरशीवर, शिवाय शिडीच्या पायांचे ओरखडे. पुट्टीचे दोन्ही हात आणि घासकाम फरशीच्या आधी उरकलं तर धूळ जुन्या फरशीवर पडते, झाडली की संपलं. नंतर फक्त स्कर्टिंगवरची चार बोटं जागा दुरुस्त करायची. ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांनी असंच करावं.

साइटवरचा_माणूस
रंगरेषा ताई, ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांच्यासाठी तुमचा क्रम चांगलाच आहे. पण यांच्याकडे सहा आठवडे आहेत. झिरी वाळेपर्यंत थांबून, मग पुट्टी, मग फरशी केली तर वॉर्डरोबचं माप दिवाळीच्या तोंडावर जाईल. तो अडसर मोठा आहे, खाली लिहितो. फरशी आधी घेतली की ती झाकणं आलंच, हे मान्य.

रंगरेषा
झाकणं म्हणजे नीट झाकणं. दोन पेपर आणि जुनी चादर म्हणजे झाकणं नव्हे.

विजेची_तार
वायरिंगचं मी सांगतो, कारण सगळ्यात जास्त भांडणं पेट्यांवरून होतात.

झिरी मारण्याआधी भिंतीवर खडूने प्रत्येक पेटीची जागा आखून घ्या आणि वॉर्डरोबवाल्याचा, बेडचा, टीव्ही युनिटचा नकाशा वायरमनच्या हातात द्या. वॉर्डरोब भिंतीला लागल्यावर स्विच पॅनेलमागे गेलेला आहे हे कळून काही उपयोग नसतो.

पाइप भिंतीच्या पृष्ठभागापासून निदान 10-12 मिमी आत जायला हवा. वर नुसता पुट्टीचा थर आला तर तडा नक्की. भरताना सिमेंट-वाळूचा माल वापरायला सांगा, पीओपीने भरू देऊ नका. पीओपी लवकर सुकतं म्हणून वायरमनला आवडतं, पण आजूबाजूच्या गिलाव्याशी ते एकजीव होत नाही. झिरी रुंद असेल, दोन-तीन पाइप शेजारी असतील, तर वरून कोंबडीची जाळी मारून मग माल भरा.

पेटीची कड तयार भिंतीच्या पातळीत हवी. खोल बसली की प्लेटचे स्क्रू पोचत नाहीत, बाहेर आली की प्लेट भिंतीवर नाचते. आणि पुट्टीवाला येण्याआधी प्रत्येक पेटीत थर्माकोलचा तुकडा ठोकून बसवा, वरून टेप. नाहीतर पेटीत पुट्टी भरते, स्क्रूचे आटे बंद होतात आणि मग वायरमन रंगवलेल्या भिंतीत छिन्नी घालतो.

वायर ओढायची पुट्टीच्या आधी, झिऱ्या वाळल्यावर. स्विच प्लेट मात्र रंगाचा पहिला हात झाल्यावर.

परसदार
@विजेची_तार, झिऱ्या भरण्याआधी फोटो काढून ठेवा हे राहिलं.

विजेची_तार
बरोबर, राहिलं. नुसता फोटो पुरत नाही. भिंतीला मेजरिंग टेप उभी-आडवी लावून फोटो काढा, म्हणजे नंतर कोपऱ्यापासून किती इंचावर पाइप आहे ते दिसतं. हा फोटो वॉर्डरोब आणि पडद्याचे रॉड बसवणाऱ्यांना दाखवायचा. ड्रिल पाइपातून गेलं की लगेच कळेलच असं नाही. वायरचं आवरण सोलतं आणि पावसाळ्यात भिंत ओलावली की विजेची गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी पडायला लागतो. म्हणून इन्सुलेशनची चाचणी दोनदा करून घ्या, वायर ओढल्यावर एकदा आणि वॉर्डरोब बसल्यावर परत. 500 व्होल्टच्या मेगरने, सगळी उपकरणं काढून. आकडा एक मेगाओमच्या खाली आला तर काहीतरी दुखावलंय. नव्या वायरिंगला तो खूपच वर यायला हवा. दोन चाचण्यांत फरक पडला तर दोष मधल्या कामाचा, भांडायला पुरावा हाती.

आगाऊ_काका
भांडायला पुरावा! धागा एकदम उपयुक्त झाला.

ठाणेकर_नवा
टाइलवर टाइल लावण्याबद्दल कुणी बोललं नाही. ते ठीक आहे ना?

साइटवरचा_माणूस
ठीक आहे, अटींसह. आधी जुनी फरशी लाकडी दांड्याने ठोकून बघा. जिथे पोकळ वाजते ती फरशी काढून खालचं भरून घ्यायचं, नाहीतर नवी टाइल उत्तम चिकटेल, पण सुटलेल्या जुन्या फरशीला. माल नाही, टाइल अॅडेसिव्ह वापरायचं. जुना पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर टाचे मारून किंवा ग्राइंडरने खरवडून घ्यायचा.

आता पातळी. 9-10 मिमीची टाइल आणि खाली 3-4 मिमी अॅडेसिव्ह, म्हणजे सगळी फरशी साधारण 12-14 मिमी वर येते. याचे परिणाम आधी फिरून बघून घ्या. बेडरूमची दारं खालून कापावी लागणार, आणि ती रंगाच्या शेवटच्या हाताआधी कापायची, म्हणजे कापलेली कड रंगाने बंद होते. बाल्कनीच्या सरकत्या दाराचा ट्रॅक सगळ्यात महत्त्वाचा. ट्रॅकची कड फरशीच्या वर उरली नाही तर पावसाचं पाणी सरळ हॉलमध्ये. बाथरूमचा उंबरा मात्र वाढलेल्या फरशीच्याही वर राहतोय ना ते पाहा.

वजनाचंही लक्षात घ्या, टाइल आणि अॅडेसिव्ह मिळून चौरस मीटरला 28-30 किलोच्या आसपास भर पडते. सोसायटीला कळवून, परवानगीच्या अर्जात स्पष्ट लिहा.

परसदार
माझी केस जरा वेगळी आहे. बेडरूममध्ये लॅमिनेटचं लाकडी फ्लोअरिंग टाकायचंय, टाइल नाही. हाच क्रम चालेल?

साइटवरचा_माणूस
नाही, उलट होतो. टाइल रंगाच्या आधी, लॅमिनेट रंगाच्या नंतर. लॅमिनेटला ओल चालत नाही, आणि पुट्टी-प्रायमर म्हणजे खोलीत कितीतरी लिटर पाणी हवेत सोडणं. रंगाचा शेवटून दुसरा हात झाला, खोली कोरडी झाली की लॅमिनेटच्या पेट्या त्याच खोलीत आडव्या ठेवून निदान 48 तास तशाच राहू द्या, मग बसवा. भिंतीकडेने 8-10 मिमी जागा सोडायची, ती वरच्या पट्टीखाली झाकली जाते. मग पट्टीच्या वरची रेघ भरून शेवटचा हात.

भिंतबोलकी
आणि परसदार, अंगभूत वॉर्डरोब लॅमिनेटवर उभा करू नका. हे फ्लोअरिंग खाली चिकटलेलं नसतं, ऋतूप्रमाणे थोडं पसरतं-आकसतं. एका बाजूला दोनशे किलोचा वॉर्डरोब ठेवून ते दाबून धरलं की पावसाळ्यात खोलीच्या मध्यावर फुगवटा येतो. वॉर्डरोब आधी, लॅमिनेट त्याच्या पायापर्यंत.

साइटवरचा_माणूस
यावर मतं आहेत. मोकळा उभा राहणारा कपाट-बेड चालतो, भिंतीला ठोकलेला नको, इतकं तरी सगळे मानतात.

न्यूजर्सीकर
इकडे खऱ्या लाकडाची फरशी जागेवरच घासून पॉलिश करतात, तिथेही हेच. घासणं आधी, मग भिंतींचा रंग, मग पॉलिशचा शेवटचा हात. दोन्ही धंद्यांचे शेवटचे हात एका आठवड्यात लागले की एकाची धूळ दुसऱ्याच्या ओल्यात बसते.

ठाणेकर_नवा
मंडळी, मूळ तारखांवर येऊ या का? वॉर्डरोबच्या मापाचा अडसर काय ते सांगा.

साइटवरचा_माणूस
हो. वॉर्डरोब छताला भिडणारा आहे असं धरतो. कारखाना माप घेतल्यावर साधारण दोन-तीन आठवडे घेतो. तुम्ही आज माप दिलं तर ते जुन्या फरशीपासूनचं असेल, आणि नवी फरशी 14 मिमी वर येणार. आलेला वॉर्डरोब उभाच राहणार नाही. "आम्ही गणित करून घेतो" म्हणतील, पण जुन्या इमारतीत फरशीला उतार असतो आणि मिस्त्री पातळी काढताना एका कोपऱ्यात 14 मिमी, दुसऱ्यात 20 मिमी करतो. गणित तिथे चुकतं. म्हणून माप नव्या फरशीवरूनच, तीन ठिकाणी: डावीकडे, मध्ये, उजवीकडे. आणि फरशी जितकी लवकर तितका वॉर्डरोब लवकर, म्हणून मी फरशी पुट्टीच्या आधी घेतली.

तुमचे सहा आठवडे असे बसतात.

पहिला आठवडा सगळा घाणीचा. जुनी कपाटं काढणं, ग्रिलचं वेल्डिंग, झिऱ्या, पाइप, पेट्या, एसीचे तांब्याचे पाइप, झिऱ्या भरणं. ग्रिलचं वेल्डिंग आणि कटिंग याच आठवड्यात, फरशीनंतर अजिबात नाही. ग्राइंडरच्या ठिणग्या म्हणजे वितळलेल्या लोखंडाचे कण असतात, टाइलच्या चकाकीत आणि खिडकीच्या काचेत रुतून बसतात आणि आठवड्याने त्यांचे गंजाचे ठिपके होतात. पुसून जात नाहीत.

दुसरा आठवडा फरशीचा. एक मिस्त्री, एक मदतनीस, मोठी टाइल, दिवसाला 80-100 चौरस फूट धरा. तुमच्याकडे पाचशेच्या आसपास भरेल, म्हणजे पाच-सहा दिवस, वर स्कर्टिंग. भिंतींवरच्या झिऱ्या तोवर वाळतात. फरशी आणि स्कर्टिंग आटपल्याच्या दुसऱ्या दिवशी वॉर्डरोबवाला मापाला, आणि दोन-तीन दिवसांनी फरशी झाकायची.

तिसऱ्या आठवड्यात आधी वायर ओढणं आणि पहिली चाचणी, मग पुट्टीचा पहिला हात. चौथ्यात दुसरा हात, घासणं, प्रायमर, रंगाचा पहिला हात. दसरा साधारण इथेच येतो. पाचव्या आठवड्यात दारं कापणं, स्विच प्लेट, वॉर्डरोब, एसीची युनिटं, पडद्याचे रॉड, म्हणजे भिंतीला भोकं पाडणारे सगळे. मग दुसरी चाचणी. सहाव्यात भोकं-ओरखडे भरून रंगाचा शेवटचा हात, झाकण उचलणं, साफसफाई, आणि शेवटच्या तीन-चार दिवसांत सोफा.

दसऱ्याचा सोफा या तक्त्यात कुठेच बसत नाही. त्या दिवशी तुमच्या घरात पुट्टीची धूळ असेल.

आगाऊ_काका
दसऱ्याला सोफा नाही तर सोनं तरी वाटा. आपट्याची पानं धुळीला घाबरत नाहीत.

गोदावरीचा_काठ
पहिले दोन आठवडे पितृपक्षात येतात हे कुणी बघितलं का? आमच्याकडे त्यात नवीन काम सुरू करत नाहीत.

भिंतबोलकी
तोडफोड सुरू करायला बहुतेकांची हरकत नसते, नवी वस्तू आणायला असते. ज्यांना पाळायचं असेल त्यांनी टाइल आधीच आणून ठेवावी. एक मात्र आहे, त्या पंधरवड्यात कारागीर सहज मिळतात आणि नवरात्र लागलं की सगळे एकदम बिझी. दिवाळीआधीच्या दोन आठवड्यांत रंगारी मिळणं म्हणजे एसटीत खिडकी मिळण्यासारखं आहे. शेवटच्या हाताची तारीख आजच त्याच्याकडून घेऊन ठेवा.

ठाणेकर, सोफ्याचं म्हणाल तर दुकानाला आत्ताच लेखी कळवा. बिल दसऱ्याचं, डिलिव्हरी पुढची, हे बहुतेक दुकानं करतात, पण गोदामात किती दिवस फुकट ठेवतात ते बिलावर लिहून घ्या. आणि डिलिव्हरीआधी लिफ्टच्या दाराची मोकळी रुंदी, आतली उंची आणि तिरकी मापं घ्या. सात फुटी सोफा जुन्या इमारतीच्या लिफ्टमध्ये सहसा जात नाही, मग जिन्याने चौथा मजला, आणि प्रत्येक वळणावर भिंतीला पाय घासत. जिना सोसायटीचा, पण तुमच्या दारातून हॉलमध्ये वळतानाचा कोपरा तुमचा.

ठाणेकर_नवा
म्हणजे शेवटचा हात सोफा आल्यावर मारू का?

रंगरेषा
सोफा आल्यावर रोलर चालवायचा म्हणजे रोलरचे बारीक शिंतोडे कापडावर. नको. शेवटचा हात आधीच, फक्त रंग उरवून ठेवा. निदान अर्धा-पाऊण लिटर, त्याच डब्यातला, झाकण घट्ट, वर शेडचा कोड आणि बॅच नंबर. दुसऱ्या बॅचचा तोच शेड भिंतीवर वेगळा दिसू शकतो.

टचअप कसं दिसेल ते फिनिशवर आहे. मॅट इमल्शनवर लहान टचअप मिसळून जातं. चकाकी असलेल्या रंगावर ठिगळ दिसतंच, उजेड तिरका पडला की जास्तच. तिथे एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत आख्खी भिंत मारावी लागते. म्हणून ज्या भिंतीजवळून सामान आत जाणार आहे, दाराची आणि पॅसेजची, त्यांना मॅट घ्या. पुसायला थोडं कमी सोपं, पण दुरुस्तीला सोपं. टचअप ब्रशने करू नका, ज्या रोलरने भिंत मारली त्याच जातीच्या छोट्या रोलरने करा. ब्रशची रेघ वेगळी दिसते.

विजेची_तार
स्विच प्लेट शेवटच्या हाताच्या आधी लावल्या तर रंगारी त्या रंगवणारच. प्लेटचा वरचा कव्हर काढून ठेवायचा, आतल्या सांगाड्यावर टेप. त्या दिवशी एमसीबी बंद.

परसदार
फरशी "नीट झाकणं" म्हणजे काय ते रंगरेषा ताईंनी सांगितलंच नाही.

रंगरेषा
दोन पद्धती. जुनी, प्लास्टिक आणि पीओपी. टाइलच्या जोडांतलं ग्राउट पूर्ण पिकल्यावर फरशी झाडून, ओल्या फडक्याने पुसून, वाळवायची. हे चुकवायचं नाही. प्लास्टिकखाली वाळूचा एक कण राहिला आणि वर शिडी उभी राहिली की तो कणच टाइल ओरखडतो. मग जाड प्लास्टिक, जोड निदान सहा इंच एकमेकांवर चढवून, टेप फक्त प्लास्टिकला. वर पातळ पीओपी ओतून 5-6 मिमीचा थर. यावर शिडी, हातोडी, डबा काहीही पडलं तरी चालतं. उचलताना पीओपीवर पाणी शिंपडून पट्टीने तुकडे सोडवायचे. प्लास्टिक फाटलेलं असेल तिथे पीओपी टाइलला आणि ग्राउटच्या रेघेत बसतं, ते घासताना जीव जातो. आणि संगमरवर असेल तर ही पद्धत टाळाच, ओल आत राहते आणि डाग येतात.

दुसरी, पोकळ प्लास्टिकचे पन्हळी पत्रे, गुंडाळीत मिळतात. स्वच्छ, लवकर टाकता येतात, उचलता येतात, पण हातोडी पडली की टाइलचा टवका जाणारच. वॉर्डरोब बसवणार आहेत तिथे मी पीओपी घेते, बाकी खोल्यांत पत्रे.

साइटवरचा_माणूस
एक भर. झाकायची घाई करू नका. अॅडेसिव्हवर 24 तास कुणी चालायचं नाही, ग्राउट त्यानंतर. ग्राउट भरल्यावर दोन-तीन दिवस फरशी उघडी ठेवा. ओल्या ग्राउटवर प्लास्टिक टाकलं की रेघा कुठे गडद, कुठे फिक्या, ठिपकेदार वाळतात. इपॉक्सी ग्राउट असेल तर वर राहिलेला तेलकट पडदा त्याच दिवशी पुसून घ्या, नंतर प्लास्टिक त्यालाच चिकटतं. आणि टेप टाइलवर किंवा रंगवलेल्या भिंतीवर नको. नव्या रंगावरची टेप काढताना पुट्टीसकट पापुद्रा येतो.

ठाणेकर_नवा
खूप मोठी मदत. दुकानाशी बोललो, सोफा पुढे ढकलला. तारीख दिवाळीच्या चार दिवस आधीची दिली आहे, गोदाम फुकट, पण बिलावर लिहून द्यायला टाळाटाळ चालू आहे. रंगारी मात्र रुसलाय. म्हणतो आता मोकळा आहे तोवर काम द्या, नंतर गॅरंटी नाही. त्याला या पंधरवड्यात काही काम देता येईल का?

रंगरेषा
छत द्या. छतात नवे पॉइंट नसतील, पंख्याचे हुक तेच असतील, तर छताची पुट्टी, घासणं, प्रायमर आणि पहिला हात आत्ता जुन्या फरशीवर होऊ शकतो. धूळ जुन्या फरशीवर, घाणीचं काम उरकलं. जुन्या वॉर्निशच्या दाराच्या चौकटीही घासून ठेवेल. फक्त ज्या खोलीत झिऱ्या चालू आहेत तिथे त्याला पाठवू नका, दोघे एकमेकांच्या शिडीत येतात.

विजेची_तार
छतात नवे पॉइंट नाहीत असं गृहीत धरू नका. 1998 च्या वायरिंगचे छतातले पाइप बऱ्याचदा गंजून किंवा मालाने बुजलेले असतात, वायर ओढायची स्प्रिंग जात नाही. मग छतालाही झिरी. आधी मला किंवा तुमच्या वायरमनला प्रत्येक पाइपात स्प्रिंग घालून बघू द्या, अर्ध्या दिवसाचं काम आहे. स्प्रिंग पार गेली तर छत रंगाऱ्याला.

रंगरेषा
हे बरोबर. स्प्रिंग आधी, छत नंतर.

ठाणेकर_नवा
वायरमनला शनिवारी स्प्रिंग घेऊन बोलावलं आहे. अजून एक राहिलंय: वॉर्डरोबच्या खाली टाइल पूर्ण घालू की वॉर्डरोबच्या रेषेपर्यंतच? मिस्त्री म्हणतो खाली जुनी फरशी ठेवा, टाइलच्या दोन पेट्या वाचतील.

साइटवरचा_माणूस
पूर्ण घाला. खाली जुनी ठेवली की वॉर्डरोबचा पाया 14 मिमी खड्ड्यात, पाणी सांडलं की तिथेच साचणार, प्लाय खालून फुगणार.

भिंतबोलकी
मी उलट करते. वॉर्डरोबचा पाया सिमेंटच्या चौथऱ्यावर, टाइल चौथऱ्याच्या तोंडापर्यंत. पाणी आत जातच नाही आणि दोन पेट्याही वाचतात.

साइटवरचा_माणूस
चौथरा करणार असाल तर चालेल, पण तो पहिल्या आठवड्यात, झिऱ्यांबरोबर. वाळायला तोच वेळ लागतो. आणि पुढे कधी वॉर्डरोब काढला तर चौथरा फोडावा लागेल.

आगाऊ_काका
दोन पेट्या वाचवायच्या नादात तिसरा धागा निघणार आहे, मी बसलोय चहा घेऊन.

भिंतबोलकी
पेट्या वाचवल्या तरी परत करू नका, ठाणेकर. एक पेटी माळ्यावर टाकून ठेवा. चार वर्षांनी एक टाइल फुटली की तो शेड दुकानात नसतो.